बटण बंद, तरी करंट चालू!

ट्रान्झिस्टर चालू करणं सोपं असतं, खरी कसोटी लागते ती तो बंद करताना. चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी पन्नास वर्षं जपलेला सपाट ट्रान्झिस्टर मोडून तो उभा केला, त्यामागचं कारण हेच.

आधी एक हिशेब. इंटेलचा 2012 सालचा आयव्ही ब्रिज हा चार कोअरचा प्रोसेसर घ्या. त्यात सुमारे 140 कोटी ट्रान्झिस्टर होते. बंद असलेल्या प्रत्येकातून समजा फक्त 100 नॅनोअँपिअर करंट झिरपला. नॅनोअँपिअर म्हणजे अँपिअरचा अब्जावा भाग, म्हणजे नगण्यच वाटतो. पण 140 कोटींनी गुणलं की होतात 140 अँपिअर! एक व्होल्टला ते 140 वॅट झाले. या प्रोसेसरची डेस्कटॉपवरची कमाल मर्यादाच 77 वॅट होती. म्हणजे काहीही काम न करता, नुसतं बसल्या बसल्या चिप स्वतःला भाजून काढणार.

गेटचं राज्य, ड्रेनची ढवळाढवळ

ट्रान्झिस्टरची रचना तशी साधी. एका टोकाला सोर्स, दुसऱ्या टोकाला ड्रेन, मधे सिलिकॉनचा चॅनेल आणि त्यावर पातळ ऑक्साइडच्या थरापलीकडे गेट. गेटला व्होल्टेज दिलं नाही की चॅनेलमध्ये ऊर्जेचा अडथळा उभा असतो आणि सोर्सकडचे इलेक्ट्रॉन जागेवरच थांबतात. गेटचं व्होल्टेज वाढवलं की अडथळा खाली येतो आणि करंट सुरू होतो. ज्या व्होल्टेजला ट्रान्झिस्टर चालू झाला असं मानतात ते थ्रेशोल्ड व्होल्टेज.

चॅनेल लांब असेपर्यंत या अडथळ्यावर एकट्या गेटची सत्ता असते. चॅनेल आखूड केला की ड्रेन जवळ येतो, आणि त्यालाही व्होल्टेज दिलेलं असतंच. त्याचं विद्युत क्षेत्र सिलिकॉनमधून थेट सोर्सपर्यंत पोचतं आणि गेटला न विचारता अडथळा खाली ओढतं. या प्रकाराला ड्रेन इंड्यूस्ड बॅरिअर लोअरिंग म्हणतात, आणि लॅबमध्ये सगळे नुसतं डीआयबीएल म्हणून मोकळे होतात. ड्रेनचं व्होल्टेज एक व्होल्टने वाढवल्यावर थ्रेशोल्ड किती मिलिव्होल्टने घसरला, हे त्याचं माप.

याचं एक भावंडही आहे आणि ते जास्त गमतीचं आहे. ट्रान्झिस्टर जितका आखूड, तितका त्याचा थ्रेशोल्ड आपोआप कमी! सोर्स आणि ड्रेन यांच्या कडेला सिलिकॉनचा थोडा भाग त्यांच्याच क्षेत्राने व्यापलेला असतो. लांब चॅनेलमध्ये ही दोन टोकं क्षुल्लक ठरतात. आखूड चॅनेलमध्ये त्या टोकांनीच बरीचशी जागा अडवलेली असते, त्यामुळे गेटला स्वतः फारसं काही करावं लागत नाही आणि ट्रान्झिस्टर अगोदरच उघडतो. परिणाम असा, की छपाईत एखाद्या गेटची लांबी दोन-तीन नॅनोमीटर कमी पडली तर तो शेजाऱ्यापेक्षा वेगळ्या व्होल्टेजला चालू होतो आणि जास्त गळतो. एकाच चिपवर, एकाच नकाशातून निघालेले दोन ट्रान्झिस्टर असे वेगळे वागतात.

निसर्गाने घालून दिलेले 60 मिलिव्होल्ट

या विषयातली माझी सगळ्यात आवडती संख्या म्हणजे 60. थ्रेशोल्डच्या खाली गेल्यावर करंट एकदम शून्य होत नाही, तो पायरी पायरीने उतरतो. खोलीच्या तापमानाला करंट दहापट कमी करायचा तर गेटचं व्होल्टेज किमान 60 मिलिव्होल्टने कमी करावंच लागतं. कितीही पैसे ओता, कितीही चांगला कारखाना बांधा, नेहमीच्या रचनेच्या ट्रान्झिस्टरमध्ये 60 च्या खाली जाता येत नाही. कारण इलेक्ट्रॉनची ऊर्जा तापमानानुसार विखुरलेली असते. अडथळा उभा असतानाही त्यातले काही जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन तो ओलांडतातच. ते किती हे तापमान ठरवतं, कारखाना नाही. म्हणूनच चिप 100 अंश सेल्सिअसला तापली की हाच आकडा 74 च्या आसपास जातो. तापली की जास्त गळते, जास्त गळाली की आणखी तापते!

बरं, 60 हा झाला आदर्श. गेटची पकड ढिली असेल तर आकडा 80, 90, 100 असा वाढत जातो. गेटने दिलेल्या प्रत्येक मिलिव्होल्टचा थोडा भाग चॅनेलपर्यंत पोचतच नाही, मधेच वाया जातो.

आता 1974 साली आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेला नियम आठवा. सगळी मापं आणि व्होल्टेज एकाच प्रमाणात कमी करत जा, म्हणजे ट्रान्झिस्टर लहान, वेगवान होईल आणि तेवढ्याच जागेतली उष्णता वाढणार नाही. तीन दशकं उद्योगाने या नियमावर संसार केला. पण व्होल्टेज कमी करायचं तर थ्रेशोल्डही कमी करायला हवा, आणि थ्रेशोल्ड 60 मिलिव्होल्टने उतरवला की गळती दहापट. 2005 च्या आसपास व्होल्टेज एक व्होल्टपाशी येऊन अडकलं ते यामुळे. घड्याळाचा वेग गिगाहर्ट्‌झमध्ये मिरवण्याची शर्यतही त्याच सुमारास थंडावली.

गळती पकडायची कशी?

वेफरवरच्या ट्रान्झिस्टरला चार बारीक सुया टेकवतात: सोर्स, ड्रेन, गेट आणि खालचं सिलिकॉन. ड्रेनला आधी जेमतेम 50 मिलिव्होल्ट देतात आणि गेटचं व्होल्टेज शून्यापासून हळूहळू वाढवत करंट मोजतात. मग ड्रेनला पूर्ण एक व्होल्ट देऊन तेच पुन्हा. दोन्ही रेषा एकाच आलेखावर काढायच्या, मात्र करंटचा अक्ष लॉगचा, म्हणजे प्रत्येक रेघ दहापटीची.

या एका चित्रात ट्रान्झिस्टरची सगळी कुंडली दिसते. रेषेचा खालचा सरळ भाग किती तिरपा आहे त्यावरून ‘दहापटीला किती मिलिव्होल्ट’ हे कळतं. दोन रेषांमधलं आडवं अंतर म्हणजे डीआयबीएल. रेषा एकमेकींना चिकटून असतील तर गेटचा ताबा पक्का. फाकलेल्या असतील तर ड्रेन ढवळाढवळ करतोय. आणि एक व्होल्टची रेषा खाली उतरता उतरता मधेच आडवी झाली, गेट कमी केलं तरी हलेना, तर समजावं की करंट आता गेटला जुमानत नाही. तो खोल सिलिकॉनमधून सरळ सोर्स ते ड्रेन चाललाय. याला पंचथ्रू म्हणतात. ‘खोल सिलिकॉनमधून’ हे शब्द लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

पाच अणूंचा थर आणि नशिबाचा खेळ

ट्रान्झिस्टर उभा करण्याआधी इंजिनीअरांनी सपाट ट्रान्झिस्टर वाचवायची शर्थ केली. पहिला उपाय: ऑक्साइड पातळ करा, म्हणजे गेट चॅनेलच्या जवळ येईल. 90 नॅनोमीटरच्या पिढीत इंटेलचा हा थर 1.2 नॅनोमीटरवर आला, म्हणजे अणूंचे फार तर पाच थर! इतक्या पातळ थरातून इलेक्ट्रॉन क्वांटम टनेलिंगने थेट आरपार जातात. गळती ड्रेनकडून थांबवायला गेलो आणि ती गेटमधून सुरू झाली. 2007 मध्ये इंटेलने 45 नॅनोमीटरच्या चिपमध्ये हाफ्नियमचा ऑक्साइड वापरला. तो जाड ठेवूनही गेटचा प्रभाव पातळ थराइतकाच पोचतो. त्याने गेटमधली गळती आटोक्यात आणली, खालची मात्र राहिलीच.

दुसरा उपाय: चॅनेलच्या सिलिकॉनमध्ये बोरॉनसारख्या अशुद्धीचे अणू जास्त मिसळा, म्हणजे ड्रेनचं क्षेत्र लांबवर पोचणार नाही. उपाय लागू पडतो, पण चॅनेल इतका छोटा झाला होता की त्यात असे अणू मावायचेच काही डझन. ते जागेवर मोजून ठेवता येत नाहीत, फवारल्यासारखे पडतात. सरासरी 50 पडत असतील तर एखाद्या ट्रान्झिस्टरला 43 आणि शेजाऱ्याला 57 हे अगदी सहज घडतं, आणि तेवढ्याने दोघांचे थ्रेशोल्ड वेगळे होतात. शिवाय या अणूंना धडकत जाताना इलेक्ट्रॉनचा वेग मंदावतो. कोट्यवधी मेमरी सेलमधल्या प्रत्येकाने नीट चालायला हवं असताना हा नशिबाचा खेळ परवडणारा नव्हता.

विमानात सुचलेली कल्पना

1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेने 25 नॅनोमीटरच्या ट्रान्झिस्टरसाठी प्रस्ताव मागवले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले प्राध्यापक चेनमिंग हू तेव्हा जपानला निघाले होते आणि विमानातच त्यांनी कागदावर रेखाटनं काढली. त्यांचा विचार मला आजही थक्क करतो, कारण तो इतका सरळ आहे. गळणारा करंट कुठून जातो? गेटपासून लांब असलेल्या सिलिकॉनमधून. मग ते सिलिकॉन ठेवायचंच कशाला?

रबरी पाइप जमिनीवर ठेवून वरून अंगठ्याने दाबला तर पाणी कडेने निसटतंच. मुठीत धरून आवळला की थांबतं. हू यांना गेटची अशी मूठ हवी होती. त्यांनी सिलिकॉनची पातळ भिंत उभी केली आणि गेट तिच्या दोन्ही बाजूंनी आणि वरून पांघरलं. भिंतीतला कुठलाही अणू गेटपासून फार लांब नाही. ड्रेनच्या क्षेत्राला घुसायला खोल जागाच उरली नाही! उभ्या भिंतीचा आकार माशाच्या परासारखा, म्हणून फिन, आणि ट्रान्झिस्टरचं नाव फिनफेट.

उभ्या चॅनेलची कल्पना मात्र त्याआधीचीच आहे. जपानच्या हिताची कंपनीतल्या दिघ हिसामोतो यांनी 1989 मध्येच ‘डेल्टा’ नावाचा असा ट्रान्झिस्टर दाखवला होता. छान योग असा की हेच हिसामोतो पुढे बर्कलीत येऊन हू, त्सू-जे किंग आणि जेफ्री बोकोर यांच्या चमूत सामील झाले. त्यांचा पहिला शोधनिबंध 1998 चा.

हू यांच्याकडे दुसरी कल्पनाही होती: सिलिकॉन आडवंच ठेवायचं, पण अतिशय पातळ, आणि त्याखाली ऑक्साइड घालून खोल भागच तोडून टाकायचा. तीही वाया गेली नाही. एफडी-सॉय या नावाने युरोपात एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सने ती वापरात आणली.

आठ नॅनोमीटरची भिंत उभी कशी करतात?

4 मे 2011 रोजी इंटेलने जाहीर केलं की 22 नॅनोमीटरची पिढी उभ्या चॅनेलची असेल. कंपनीने नाव दिलं ट्राय-गेट. वर्षभरात, एप्रिल 2012 मध्ये, आयव्ही ब्रिज बाजारात आला. त्यातली फिन सुमारे 8 नॅनोमीटर जाड, 34 नॅनोमीटर उंच, आणि दोन फिनमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत 60 नॅनोमीटर.

गंमत अशी की छपाईसाठी जो प्रकाश वापरत होते त्याची तरंगलांबी 193 नॅनोमीटर. एका झटक्यात तो 80 नॅनोमीटरच्या आतल्या ओळी छापूच शकत नाही. मग 60 कशा? युक्ती अशी: आधी दुप्पट अंतरावर, 120 नॅनोमीटरला एक, अशा तात्पुरत्या पट्ट्या छापायच्या. त्यांच्यावर एका पदार्थाचा पातळ थर सगळीकडून चढवायचा. मग वरून सरळ खाली कोरायचं, म्हणजे आडवा थर निघून जातो आणि पट्टीच्या दोन्ही कुशीला चिकटलेला थर तेवढा उरतो. आता मधली मूळ पट्टी काढून टाकायची. एका पट्टीच्या जागी दोन बारीक रेघा! या रेघांच्या आडोशाने सिलिकॉन कोरलं की फिन तयार. रेघेची जाडी प्रकाशावर अवलंबून राहत नाही, चढवलेल्या थराच्या जाडीवर राहते, आणि थराची जाडी फार काटेकोर राखता येते.

त्यानंतर फिनमधल्या खाचा ऑक्साइडने भरून माथा घासून सपाट करतात. मग तो ऑक्साइड थोडा थोडा कोरून खाली नेतात, जोपर्यंत फिनचा 34 नॅनोमीटर भाग उघडा पडत नाही. इथे दोन नॅनोमीटरची चूक झाली तरी फिनची उंची, म्हणजेच करंट, बदलतो. पहिल्या पिढीच्या फिन सरळही नव्हत्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या वर निमुळत्या, खाली फाकलेल्या दिसतात. खालचा जाड भाग गेटच्या पकडीत कमी येतो. पुढच्या 14 नॅनोमीटरच्या पिढीत इंटेलने त्या जास्त सरळ आणि 42 नॅनोमीटर उंच केल्या.

एवढ्या खटाटोपाचा खर्च किती? इंटेलनेच सांगितलं होतं: वेफरमागे दोन ते तीन टक्के जास्त.

आता खरा हिशेब

इंटेलने त्या पिढीसाठी छापलेले आकडे म्हणजे दहापटीला साधारण 70 मिलिव्होल्ट, आणि डीआयबीएल साधारण 50. तुलनेसाठी पकड सुटलेला एक सपाट ट्रान्झिस्टर समजू: दहापटीला 100, डीआयबीएल 150. दोघांचा थ्रेशोल्ड मुळात 300 मिलिव्होल्ट, ड्रेनला एक व्होल्ट.

सपाट ट्रान्झिस्टरमध्ये ड्रेन थ्रेशोल्ड 150 ने खाली ओढतो, उरतात 150. गेट शून्यावर आणलं की करंट दीड पायरी उतरतो, म्हणजे सुमारे 30 पट कमी होतो. बस, एवढंच ‘बंद’.

फिनमध्ये ड्रेनने 50 ओढले, उरले 250. त्यांना 70 ने भागलं की साडेतीनहून थोड्या जास्त पायऱ्या, म्हणजे करंट सुमारे 3,700 पट कमी. दोघांत शंभराहून जास्त पटींचा फरक! थ्रेशोल्ड तोच, फक्त गेटची पकड बदलली.

आणि हा फायदा नुसता गळती कमी करण्यातच खर्चायचा असं नाही. थोडी गळती परत सोसून थ्रेशोल्ड खाली आणता येतो, म्हणजे कमी व्होल्टेजला चिप पळवता येते. इंटेलचा दावा होता की कमी व्होल्टेजला वेग आधीच्या सपाट पिढीपेक्षा 37 टक्क्यांपर्यंत वाढतो. चालू कामाची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात लागते, त्यामुळे एक व्होल्टवरून 0.8 वर आलो तरी ती 36 टक्क्यांनी घटते. मोबाइलच्या बॅटरीला याहून गोड बातमी नाही.

वर बोनस वेगळाच. पकड इतकी चांगली की चॅनेलमध्ये बोरॉनचे अणू जवळजवळ मिसळावेच लागत नाहीत, त्यामुळे तो 43 आणि 57 चा नशिबाचा खेळही बराचसा संपतो. आणि करंट भिंतीच्या दोन्ही बाजूंनी आणि माथ्यावरून वाहतो: 34 अधिक 34 अधिक 8, म्हणजे 76 नॅनोमीटरची रुंदी, तीही 60 नॅनोमीटरच्या जागेत.

एकाच फोनमध्ये दोन कारखाने

इतर कंपन्या फिनफेटपर्यंत तीनेक वर्षांनी पोचल्या. 2015 च्या आयफोन 6एसमधला ए9 प्रोसेसर दोन ठिकाणी बनत होता: काही सॅमसंगच्या 14 नॅनोमीटरच्या, तर काही तैवानच्या टीएसएमसीच्या 16 नॅनोमीटरच्या प्रक्रियेत. दोन्ही फिनफेट. टीएसएमसीच्या 16 मधल्या तारांची मापं तर आधीच्या सपाट 20 नॅनोमीटरच्या पिढीचीच होती. बदलला होता तो मुख्यतः ट्रान्झिस्टर. 22, 16, 14 ही तोपर्यंत पिढ्यांची नावं उरली होती. त्या आकड्याचं माप चिपवर शोधायला गेलात तर सापडणार नाही.

2016 मध्ये हू यांना अमेरिकेचं तंत्रज्ञानातलं राष्ट्रीय पदक मिळालं, 2020 मध्ये आयट्रिपलईचं सर्वोच्च पदक. दोन्ही अगदी योग्य हाती गेली असं मला वाटतं.

अडीच फिन मिळत नाहीत

फिनफेटचा एक हट्ट डिझायनरांना सतत छळतो. सपाट ट्रान्झिस्टरची रुंदी हवी तेवढी ठेवता यायची. फिनची उंची मात्र सगळ्या वेफरवर एकच. जास्त करंट हवा तर एकाऐवजी दोन फिन घ्या, नाहीतर तीन. अडीच मागाल तर मिळणार नाहीत. मेमरी सेलमध्ये सहा ट्रान्झिस्टरांच्या ताकदीचं प्रमाण नीट जुळावं लागतं, तिथे ही पूर्णांकांची सक्ती जास्त जाचते. उष्णतेचाही प्रश्न आहे: भिंत इतकी अरुंद की आतली उष्णता खालच्या सिलिकॉनमध्ये उतरायला वाट चिंचोळी.

आणि शेवटी भिंत तरी किती पातळ करणार? पकड टिकवायची तर फिनची जाडी गेटच्या लांबीच्या निम्म्या-पाऊण भागापर्यंत ठेवावी लागते, म्हणजे गेट आखूड केलं की फिनही पातळ करा. पाच नॅनोमीटरच्या खाली गेलं की क्वांटम परिणामांमुळे थ्रेशोल्ड जाडीवर अवलंबून राहू लागतो, आणि एका अणूच्या थराचा फरकही जाणवतो. इलेक्ट्रॉन दोन्ही पृष्ठभागांच्या खडबडीतपणाला घासत जातात आणि मंदावतात.

म्हणून भिंत आता आडवी झालीय. सिलिकॉनच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचायच्या आणि प्रत्येकीला गेटने चारही बाजूंनी वेढायचं. सॅमसंगने जून 2022 मध्ये 3 नॅनोमीटरच्या नावाखाली अशा चिपचं उत्पादन सुरू केलं, टीएसएमसी आणि इंटेलनेही तीच वाट धरली. पट्टीची जाडी कमीच ठेवावी लागते, पण रुंदी नकाशात आखता येते. त्यामुळे डिझायनरला दीडपट करंट हवा असेल तर तो पट्टी दीडपट रुंद आखतो.